कोण कोणाला उत्तर देतंय

समाजशास्त्राच्या प्रबंधात दुसरं प्रकरण बहुधा पूर्वसाहित्याच्या आढाव्याचं असतं. प्रबंध हातात आला की मी आधी ते उघडते. पहिल्या दोन-तीन पानांतच पुढच्या दोनशे पानांचा अंदाज येतो. बऱ्याचदा तिथे अशी वाक्यं भेटतात : मॉरिस (१९६५) यांनी मुंबईच्या कापडगिरण्यांमधील कामगारवर्गाच्या उदयाचा अभ्यास केला. ऑम्वेट (१९८०) यांनी वसाहतकाळातील स्थलांतराचा अभ्यास केला. दांडेकर (१९८६) यांनी सातारा जिल्ह्यातील एका गावाचा अभ्यास केला. चंदावरकर (१९९४) यांनी मुंबईतील औद्योगिक भांडवलशाहीचा अभ्यास केला. प्रत्येक नावाला एक परिच्छेद, प्रत्येक परिच्छेदात विषय, काळ, पद्धत, निष्कर्ष, आणि शेवटी 'प्रस्तुत विषयावर फारसे संशोधन झालेले नाही' असं एक वाक्य. हजेरीपटावर नावं पुकारावीत आणि प्रत्येकाने 'उपस्थित' म्हणून खाली बसावं, तसं हे प्रकरण चालतं. सगळे वर्गात असतात, पण कोणी कोणाशी बोलत नाही.

असं प्रकरण लिहिणाऱ्या मुलामुलींनी मेहनत केलेली असते. ग्रंथालयातल्या धुळीत बसून त्यांनी ती पुस्तकं वाचलेली असतात. म्हणून मला त्या प्रकरणाचा राग येत नाही, वाईट वाटतं. कारण वर घेतलेली चार नावं खरं तर एका मोठ्या वादात गुंतलेली आहेत, आणि तो वाद आपल्या घरातला आहे. आजोबा गिरणीत, आजी गावी, महिन्याची मनिऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गावची वाट, हे कोकणातल्या आणि घाटावरच्या हजारो कुटुंबांचं आयुष्य होतं. त्या आयुष्याचा अर्थ काय, यावर नव्वदेक वर्षं विद्वान एकमेकांशी भांडत आलेत. यादीत ते भांडणच नाहीसं होतं.

यादी आहे की आढावा, हे ओळखायला मी एक साधी परीक्षा घेते. प्रकरणातले परिच्छेद मनातल्या मनात पिसते. चंदावरकर आधी आणि मॉरिस नंतर आला, ऑम्वेट मधून काढून शेवटी टाकली, आणि तरी काही बिघडलं नाही, तर ती यादी. खऱ्या आढाव्यात परिच्छेद हलवता येत नाही, कारण तो आधीच्या परिच्छेदाने उभ्या केलेल्या अडचणीला उत्तर देत असतो. दुसरी परीक्षा परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याची. त्या वाक्याचा कर्ता सतत माणूस असेल, 'अमुक यांनी', 'तमुक यांच्या मते', तर गाडी यादीच्या रुळावर आहे. कर्त्याच्या जागी दावा आला, की नावं आपोआप त्या दाव्याच्या आजूबाजूला येऊन बसतात.

कालानुक्रमाने लिहिलं की हा प्रश्न सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. पुस्तकावरचं साल ते कधी छापलं एवढंच सांगतं, ते कोणाला उत्तर देतंय हे सांगत नाही.

गिरणगावचाच दाखला सविस्तर घेते. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा विषय होता गिरणी कामगार आणि त्यांचं गाव. ती स्वतः कोकणातली, घरात गिरणीच्या आठवणी. तिच्या कच्च्या प्रकरणात वरच्याच पद्धतीने नावं होती. आम्ही दोघींनी एक मोठा कागद घेतला आणि तक्ता आखला. उभ्या बाजूला पुस्तकं आणि लेख. आडव्या बाजूला पाच रकाने : हा लेखक कोणता प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर काय, तो कोणाचं म्हणणं खोडतो, कोणत्या पुराव्यावर, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर नेमका कोणता कामगार आहे. असा तक्ता पुष्कळ जण करतात, पण करून झाल्यावर तो आडवा वाचतात. एक पुस्तक घेतलं, त्याचे पाच रकाने वाचले, परिच्छेद लिहिला, पुढचं पुस्तक. तसं वाचलं की यादीच तयार होते. तक्ता उभा वाचायचा असतो, रकान्यामागून रकाना. 'कोणता प्रश्न' हा रकाना वरून खाली वाचला की दिसतं, पंधरा पुस्तकं पंधरा प्रश्न विचारत नाहीत. दोन-तीनच प्रश्न आहेत आणि सगळे त्यांच्याभोवती जमले आहेत.

पहिला प्रश्न जुना आहे. गिरणीत काम करणारा माणूस गावाला का धरून राहतो, आणि त्यामुळे तो अर्धवट कामगार ठरतो का? गैरहजेरी फार, कापणीला माणूस पळतो, शिस्त नाही, अशी मालकांची तक्रार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचा शाही आयोग नेमला गेला आणि १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. कामगार शहराकडे ओढला जात नाही, गावातून ढकलला जातो, त्याचं मन गावातच असतं, असं चित्र त्या अहवालाने रूढ केलं. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत औद्योगिक समाजशास्त्राला बहर आला, तेव्हा हेच चित्र नव्या भाषेत परत आलं. क्लार्क केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा औद्योगिक माणसावरचा ग्रंथ आणि विल्बर्ट मूर व आर्नल्ड फेल्डमन यांनी संपादित केलेला श्रमिकांच्या बांधिलकीवरचा ग्रंथ, दोन्ही १९६० चे. शेतकरी पुरता कामगार कधी होतो, यंत्राशी आणि पगाराशी त्याची बांधिलकी कधी जुळते, आणि ती जुळेपर्यंत उद्योगाची वाढ कशी अडते, ही त्यांची विचारसरणी. ही पार्श्वभूमी मांडली नाही तर मॉरिस डेव्हिड मॉरिस यांचं १९६५ चं पुस्तक म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा एक जाड इतिहास, एवढंच उरतं. पार्श्वभूमी मांडली की ते पुस्तक कोणाशी भांडतंय हे लगेच दिसतं.

मॉरिस म्हणतात, १८५४ पासूनच्या जवळजवळ शतकभराच्या इतिहासात मुंबईच्या गिरण्यांना माणसांची टंचाई अशी भासलीच नाही. माणसं येत होती, भरपूर येत होती. बेशिस्त होती ती कामगाराच्या शेतकरी मनामुळे नव्हे, तर गिरण्या ज्या पद्धतीने चालवल्या गेल्या त्यामुळे. कामावर घेणं, काढणं, बदली देणं हे सगळं मालकांनी जॉबरच्या हाती सोपवलं होतं, कारण ते त्यांना स्वस्त आणि सोयीचं होतं. म्हणजे दोष मनाचा नसून व्यवस्थापनाचा. आता 'मॉरिस यांनी अभ्यास केला' हे वाक्य आणि 'टंचाईचा आणि बांधिलकीच्या अभावाचा दावा मॉरिस यांनी गिरण्यांच्या कारभाराकडे बोट दाखवून खोडला' हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या वाक्यानंतर वाचक विचारतो, बरं, मग माणूस गावाला जात का होता? मॉरिस यांच्याकडे याचं पुरेसं उत्तर नाही, कारण त्यांची नजर मुख्यतः गिरणीच्या फाटकाच्या आत आहे. ही अडचण उभी राहिली की पुढचा परिच्छेद कोणाचा, हे आपोआप ठरतं.

तो राजनारायण चंदावरकर यांचा. त्यांच्या १९९४ च्या पुस्तकाचा काळ १९०० ते १९४०. ते फाटकाबाहेर पडतात, चाळीत, खानावळीत, वाण्याच्या उधारीच्या वहीत, वस्तीतल्या दादापर्यंत जातात. त्यांचं म्हणणं असं : कापडाचा बाजार चढ-उतारांचा, म्हणून मालक माणसं हंगामाप्रमाणे कमी-जास्त करत. रोज सकाळी फाटकावर उभं राहून बदलीचं काम मिळतंय का पाहणाऱ्या माणसाने गाव सोडणं हा मूर्खपणा ठरला असता. गावाचा आधार ही शहरातल्या अनिश्चित रोजगाराची गरज होती. उलट बाजूनेही तसंच. गावची तुटपुंजी जमीन टिकवायची तर शहरातून रोख पैसा हवा. शेतकरीपणा उरलाय म्हणून गाव उरलेलं नाही, तर गिरणीमुळेच गाव धरून ठेवावं लागतं. आणि त्यांचा सगळ्यात धारदार मुद्दा संपाचा आहे. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. गावी जाऊन पेज-भाकरीवर दिवस काढता येणारा कामगार असा संप लांबवू शकतो. ज्या नात्याला दुबळेपणाची खूण मानलं गेलं होतं, तेच नातं लढ्याचं बळ ठरलं.

इथे एक सावधपणा हवा, आणि तो माझ्या विद्यार्थिनीने स्वतःच दाखवला. वाद रंगवायचा म्हणून आम्ही शाही आयोगाला एका टोकाला उभं केलं होतं : गावाशी नातं म्हणजे मागासपणा, असं म्हणणारे साहेब. तिने अहवाल मुळातून वाचला आणि म्हणाली, "मॅडम, आयोग तर गावाशी असलेलं नातं तोडू नका म्हणतोय. ते फायद्याचं आहे, फक्त जाण्या-येण्याला नियम लावा, असं लिहिलंय." ती बरोबर होती. गावाकडे मन असलेला कामगार हे चित्र आयोगाने रूढ केलं हेही खरं, आणि त्या नात्याला त्याने ठेव मानलं हेही खरं. वादांप्रमाणे मांडणी करण्यातला मोठा धोका हाच. दोन तट पाडले की प्रत्येक लेखकाला कुठल्या तरी तटात बसवण्याचा मोह होतो, आणि बसत नसेल तर त्याचे कोपरे छाटले जातात. ओळखायची खूण अशी : आढाव्यातला एखादा लेखक अगदीच सोपा, अगदीच चुकीचा वाटायला लागला, तर त्याचं मूळ पान उघडावं. बहुतेक वेळा त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत त्याच्या विरोधकाच्या पुस्तकातून आलेलं असतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताच तोच माणूस वेगळा दिसू लागतो. हा प्रश्न खर्चाचा. गिरणीतल्या माणसाला जगवण्याचा, त्याला लहानाचा मोठा करण्याचा, आजारपणात आणि म्हातारपणात सांभाळण्याचा खर्च कोण उचलतं? दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांच्या संदर्भात हॅरल्ड वोल्पे यांनी १९७२ मध्ये मांडलं की गावाकडची शेती हा खर्च उचलते, म्हणून खाणमालकाला मजुरी कमी देऊन भागतं. गेल ऑम्वेट यांनी १९८० च्या आपल्या लेखात वसाहतकालीन भारतातल्या स्थलांतराकडे असंच पाहिलं : गावातली जुनी व्यवस्था आणि शहरातली भांडवलशाही या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, वसाहती राज्याने त्या एकमेकींना जोडल्या होत्या. या नजरेतून पाहिलं तर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढणारा गिरणी कामगार मालकाचे पैसे वाचवायला निघालेला असतो, त्याला त्याची कल्पनाही नसते.

म्हणजे बोटीत चढणारा माणूस तोच, आणि त्याच्याविषयी तीन म्हणणी. पहिलं म्हणतं, हा अजून पुरता कामगार झालेला नाही. दुसरं म्हणतं, हा मालकाला मिळालेली सूट आहे. तिसरं म्हणतं, हा संपासाठी शिधा बांधून ठेवतोय. यादीत या तिन्हींना तीन परिच्छेद मिळतात आणि वाचकाला वाटतं ही तीन वेगळ्या विषयांवरची पुस्तकं आहेत. खरं तर एकाच घटनेवर तीन परस्परविरोधी दावे आहेत. ही तीन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवणं हे आढाव्याचं सगळ्यात मोठं काम. त्यानंतरच आपण विचारू शकतो की कोणता पुरावा मिळाला तर यांच्यापैकी कोण मागे सरेल. उदाहरणार्थ, संपाच्या काळात ज्या कामगारांना गावी जमीन नव्हती ते लवकर कामावर परतले, असं दिसलं तर चंदावरकरांचं म्हणणं भक्कम होतं. तसा फरक दिसला नाही, तर गावाच्या बळाचा मुद्दा थोडा सैल होतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहावी लागते. हे सगळे लेखक प्रत्यक्षात एकमेकांशी बोलत होतेच असं नाही. कोण कोणाला उत्तर देतो हे पाहायला तळटीपा आणि शेवटची सूची उघडावी लागते. जिथे एकाने दुसऱ्याचं नाव घेऊन खंडन केलंय, तिथे 'खोडून काढतात' हे क्रियापद वापरायचा अधिकार मिळतो. जिथे तसं नाही, तिथे लिहायचं की हे दोघे एकमेकांना उद्देशून लिहीत नव्हते, त्यांना समोरासमोर मी आणते आहे, आणि अमुक कारणाने. हे एक वाक्य लिहायला विद्यार्थी घाबरतात. त्यांना वाटतं, माझी काय योग्यता. पण वाद पुस्तकांच्या कपाटात तयार पडलेला नसतो. आढावा लिहिणारा तो रचतो, आणि रचल्याची जबाबदारी घेतो. हॉवर्ड बेकर यांच्या १९८६ च्या समाजशास्त्रीय लेखनावरच्या पुस्तकात पूर्वसाहित्याच्या दहशतीवर एक अख्खं प्रकरण आहे. आधीच्यांच्या मांडणीत आपला मुद्दा वाकवून बसवण्याचा धोका त्यांनी त्यात सांगितला आहे. मी ते प्रकरण प्रत्येकाला वाचायला देते.

आता पाचवा रकाना, ज्याच्यासाठी मी हा तक्ता आखायला लावते : लेखकाच्या डोळ्यांसमोर कोणता कामगार आहे? हा रकाना वरून खाली वाचताना आम्ही दोघी थोडा वेळ गप्प झालो. जवळजवळ सगळीकडे पुरुष. गावी थोडीफार जमीन असलेला पुरुष. गाव म्हणजे त्याची ठेव, गाव म्हणजे त्याचा आधार, गाव म्हणजे मालकाला मिळालेली सूट. पण गाव स्वतःहून कोणाला आधार देत नाही. भात कोणीतरी लावतं, नाचणी कोणीतरी दळतं, सासऱ्याचं दुखणं कोणीतरी काढतं. आयोगापासून पुढे हा वाद घालणारे एका गोष्टीवर न बोलता सहमत होते : गाव तिथे आहे, आणि ते चालतं. कसं चालतं, हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. आपापसांत कडकडून भांडणारी माणसं कोणती गोष्ट न तपासता धरून चालली आहेत, हे यादीत कधीच दिसत नाही. ते दिसायला आधी भांडण दिसावं लागतं.

विद्यार्थ्यांच्या भाषेत ज्याला गॅप म्हणतात, ती शोधायची जागा माझ्या मते ही. पुस्तकांच्या शेजारी रिकामी राहिलेली जागा म्हणजे गॅप नव्हे. माझ्या विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात गॅप अशी होती : 'रत्नागिरी जिल्ह्यातील अमुक तालुक्यातील गिरणी कामगारांवर अद्याप संशोधन झालेले नाही.' मी विचारलं, "पलीकडच्या तालुक्यावर झालं असतं, तर तुझ्या तालुक्यावर करायची गरज उरली असती का?" ती विचारात पडली. तालुक्यावर कोणी लिहिलं नाही ही नुसती वस्तुस्थिती आहे. तिला प्रश्न बनवायचं तर त्या तालुक्यात असं काहीतरी हवं, ज्याने चालू वादातला एखादा दावा डळमळेल किंवा पक्का होईल. दोन दिवसांनी ती खोतीचा मुद्दा घेऊन आली. रत्नागिरीत खोत होते, आणि कितीतरी कुळांच्या हाती जमीन होती ती मालकीची नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि ती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडलं. घाटावर साताऱ्याकडे रयतवारी. मग 'गावी जमीन टिकवण्यासाठी शहरातून रोख पैसा' हे चंदावरकरांचं वाक्य कुळाच्या घरात आणि रयतेच्या घरात एकाच अर्थाने खरं असेल का? मनिऑर्डरीचे पैसे जमिनीत जात होते की खोताच्या देण्यात? तालुका तोच राहिला, पण आता त्या तालुक्याला वादात काम मिळालं.

बायकांच्या श्रमाचा मुद्दा तपासताना तर आणखी मजल मारावी लागली. 'या वादात स्त्रियांच्या श्रमाची दखल नाही' असं वाक्य तिने उत्साहाने लिहिलं होतं. मी म्हटलं, गॅप सापडली असं वाटलं की आधी ती बुजवायचा प्रयत्न कर. जोर लावून बुजवूनही जी उरेल तीच खरी. मग तिने शोध घेतला. राधा कुमार यांचा १९८३ चा लेख सापडला, १९१९ ते १९३९ या काळातल्या मुंबईच्या गिरण्यांतल्या स्त्रियांवरचा. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या बायकांचं काम कसं आकसत गेलं, आणि कुटुंबाच्या कल्पनेचा त्याच्याशी काय संबंध होता, याचा तो शोध. म्हणजे गिरणीतल्या बायकांवर लिहिलं गेलं होतं. मग हेमलता दांडेकरांचं १९८६ चं पुस्तक तिने यादीतून उचलून मध्यभागी आणलं. पुरुष मुंबईला, बायका घरी, हे त्याच्या शीर्षकातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावात १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांत शहराने काय बदललं याचा तो अभ्यास. आधीच्या मसुद्यात हे पुस्तक 'ग्रामीण अभ्यास' या मथळ्याखाली होतं आणि चंदावरकर 'औद्योगिक अभ्यास' या मथळ्याखाली. मथळ्यांची भिंत मध्ये होती म्हणून दोन्ही पुस्तकांतलं घर एकच आहे, नवरा एका पुस्तकात आणि बायको दुसऱ्यात, हे दिसत नव्हतं.

तरी गॅप अजून पुरती हाती आली नव्हती. समिता सेन यांचं १९९९ चं पुस्तक बंगालच्या ताग गिरण्यांवर आहे. गावी राहिलेल्या बायकांच्या श्रमावर शहरातल्या पुरुषाची कमी मजुरी कशी पेलली गेली, हे त्यांनी त्यात मांडलं आहे. हे वाचल्यावर 'दखल नाही' हे वाक्य खोटंच ठरलं, आणि तिने ते खोडलं. खोडताना तिचा चेहरा उतरला होता, हे मला आठवतं. पण नेमकं इथेच प्रकरण जिवंत झालं. सेन यांनी बंगालबद्दल दाखवलेलं कोकणाला लागू पडतं का? ताग गिरण्यांत पुष्कळ कामगार बिहार आणि संयुक्त प्रांतातून आलेले, घर शेकडो कोस लांब. मुंबईचा चाकरमानी बोटीने एक-दोन दिवसांत घरी पोचणारा, गावकीत आणि गावच्या मुंबईतल्या मंडळातही नाव असलेला. अंतर कमी असलं की बाईच्या कामावरचा नवऱ्याचा ताबा वाढतो की कमी होतो? आणि दुसरं : हे सगळे वाद गिरण्या चालू असतानाच्या काळाचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो माणसं गावी परतली ती परत न जाण्यासाठी. गाव हा आधार होता म्हणतो, तर पैसा येणं थांबल्यावर आणि माणूस घरी येऊन बसल्यावर त्या आधाराचं काय झालं? बाईच्या श्रमाने गिरणीला पोसलं असेल, तर गिरणी गेल्यावर ते श्रम कमी झाले, की आता ते परतलेल्या माणसालाही पोसू लागले?

गॅपचा परिच्छेद शेवटी तिने असा लिहिला, आणि तो मला आजही फार आवडतो :

'गिरणी कामगाराचे गावाशी असलेले नाते हा औद्योगिक बांधिलकीचा अभाव आहे, मालकांना मिळालेली सवलत आहे की कामगारांचे बळ आहे, याबाबत तीन भूमिका दिसतात. तिन्हींमध्ये गाव हा दिलेला घटक आहे. तो कोणाच्या श्रमावर उभा आहे हे समिता सेन यांनी बंगालच्या संदर्भात आणि दांडेकर यांनी साताऱ्यातील एका गावाच्या संदर्भात दाखवले. मात्र मी वाचलेल्या मराठी व इंग्रजी लेखनात हे दोन धागे खोतीच्या प्रदेशात आणि १९८२ नंतरच्या काळात एकत्र तपासलेले मला आढळले नाहीत. गाव हे बळ असेल, तर गिरणी बंद पडल्यावर ते बळ टिकायला हवे. ती मालकांची सवलत असेल, तर सवलत घेणारा गेल्यावर तिचा भार कोणावर पडला हे दिसायला हवे.'

या परिच्छेदात 'मी वाचलेल्या' आणि 'मला आढळले नाहीत' हे शब्द नम्रतेपोटी आलेले नाहीत. ते हद्द आखतात. 'संशोधन झालेले नाही' असं म्हणायला जगातलं सगळं वाचलेलं असावं लागतं. कुठल्या भाषांत, कुठल्या ग्रंथालयांत शोधलं हे सांगितलं की परीक्षकालाही कळतं कुठे बोट ठेवायचं. मराठीत तर ही हद्द विशेष जपावी लागते. कामगारांच्या आत्मकथनांत, गावमंडळांच्या स्मरणिकांत, जिल्ह्याच्या दिवाळी अंकांत पुष्कळ काही पडलेलं असतं, जे कुठल्याच सूचीत सापडत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्या भागाचा इतिहास गोळा केला. त्या पुस्तकाला 'अभ्यास' म्हणून एका ओळीत उरकणं किंवा 'आठवणी' म्हणून बाजूला ठेवणं, दोन्ही चूक. त्यातली माणसं वरच्या तिन्ही भूमिकांची साक्ष देतात, कधीकधी एकाच मुलाखतीत.

सगळंच वादात बसत नाही. तक्त्यातल्या काही पुस्तकांना शेवटपर्यंत रकाना सापडला नाही. गिरण्यांच्या जमिनींवरचं, मॉल आणि टॉवरवरचं बरंच लेखन तिने मन लावून वाचलं होतं, आणि ते सोडताना तिला त्रास झाला. "इतकं वाचलंय मॅडम, कुठेतरी दाखवायला हवं ना?" मी नाही म्हटलं. वाचलेलं दाखवण्यासाठी आढावा नसतो. जे पुस्तक वादातला एखादा दावा हलवत नाही, ते कितीही चांगलं असलं तरी या प्रकरणात नको. ते तिच्या डोक्यात राहील आणि एखाद्या मुलाखतीत अचानक उपयोगी पडेल. जातीचा धागा मात्र तिने उशिरा का होईना आत घेतला. दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. ज्याला गिरणीत कमी पगाराच्या खात्यात ठेवलं जातं आणि गावी जमीन नाही, त्याच्या बाबतीत 'गाव हे बळ' कसं? पाचव्या रकान्यात हा माणूस बसवला की पुन्हा तिन्ही भूमिका तपासाव्या लागतात. तिने त्यासाठी दोन पानं दिली. मला ती चार हवी होती.

या सगळ्याचा परिणाम प्रकरणाबाहेरही झाला. तिची प्रश्नावली आधीच तयार होती आणि ती पुरुषांसाठी होती : गिरणीत कधी लागलात, कोणत्या खात्यात, पगार किती, संपात होतात का, गावी किती वेळा जात होता. नवी प्रश्नावली घराच्या मागच्या दारापासून सुरू होते. त्या वर्षी लावणीला कोण होतं? पैरा कोणाशी केला? मनिऑर्डर कोणाच्या नावावर यायची आणि अंगठा कोणाचा? कूळकायद्यानंतर सातबाऱ्यावर नाव कोणाचं चढलं? धनी कायमचे घरी आले त्या पहिल्या पावसाळ्यात काम कमी झालं की वाढलं? पुरुषांसाठीचे जुने प्रश्न तिने टाकून दिले नाहीत. ते त्याच घरात, वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत विचारायचं ठरवलं, म्हणजे एकाच मनिऑर्डरीचे दोन हिशेब हाती येतील आणि ते जुळतात का हे पाहता येईल.